पाणी चढण्याआधी सर्व्हर हलवायचा की नंतर?

चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजल्यावर मुख्य कार्यालय असलेल्या कुठल्याही पतसंस्थेच्या सचिवांना दोनच प्रश्न विचारून बघा. उद्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं आणि सर्व्हर बुडाला, तर काउंटर पुन्हा किती वेळाने सुरू होईल? आणि सुरू होईल तेव्हा खात्यांत किती वाजेपर्यंतच्या नोंदी असतील?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह, थोडक्यात आरटीओ (लायसन्सवालं नव्हे). दुसऱ्याचं उत्तर म्हणजे रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह, आरपीओ. दोन्ही आकडे तास-मिनिटांतच सांगतात, त्यामुळे लोक त्यांची सरमिसळ करतात. आरटीओ संकटाच्या क्षणापासून पुढे मोजायचा: किती वेळ बंद राहिलेलं चालेल. आरपीओ त्याच क्षणापासून मागे मोजायचा: किती वेळाचं काम पुसलं गेलेलं चालेल. यावर "बॅकअप रोज होतो हो" असं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं, आणि त्यात या दोन्हींपैकी एकाचंही उत्तर नसतं.

हिशोबासाठी एक पतसंस्था कल्पून घेऊ. मुख्य कार्यालय चिपळूणला. खेड, दापोली, गुहागर, सावर्डे धरून एकूण सात शाखा. अठरा हजार खाती. पोस्टग्रेस डेटाबेस 40 जीबीचा, आणि सह्या, फोटो, आधारच्या प्रती अशा स्कॅन केलेल्या फायली 300 जीबी. सर्व्हर मुख्य कार्यालयात, शाखा इंटरनेटवरून त्याला जोडलेल्या. रोज रात्री नऊला, दिवसअखेर झाली की, सगळ्याचा बॅकअप एका बाहेरच्या हार्डडिस्कवर जातो आणि क्लार्क ती डिस्क घरी नेतो.

रात्री नऊचा बॅकअप नक्की काय वाचवतो

या व्यवस्थेचा आरपीओ विचारला की "एक दिवस" असं सांगतात. तेवढ्यावर थांबू नका. नऊला सुरू झालेला बॅकअप साडेदहाला संपतो, पण त्यात चित्र नऊचंच असतं. क्लार्क डिस्क घेऊन निघतो कधी? पावसाने जोर धरला असेल तर तो साडेआठलाच घरी गेलेला असतो, आणि डिस्क सर्व्हरलाच लागलेली राहते. म्हणजे ज्या रात्री डिस्कची गरज पडणार, नेमक्या त्याच रात्री ती सर्व्हरसोबत पाण्यात जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. 22 जुलै 2021 ला चिपळुणात असंच झालं: रात्रभर पाऊस, पहाटे पाणी, आणि उजाडेपर्यंत बाजारपेठेतले तळमजले बुडालेले. अशा वेळी हाताशी उरते ती आदल्या रात्रीची डिस्क, तीसुद्धा दोन डिस्क आलटून पालटून वापरत असाल तर. म्हणजे कागदावर चोवीस तास असलेला आरपीओ वाईटात वाईट वेळी अठ्ठेचाळीस तासांच्या जवळ जाऊ शकतो.

आता हे चोवीस तास चालतात की नाही, हे संगणकवाल्याने ठरवायचं नसतं. ते रोकडीच्या हिशोबावर ठरतं. समजा दर शाखेत दिवसाला 120 व्यवहार होतात. सात शाखांचे 840. व्हाउचर हातात असेल तर एक नोंद पुन्हा करायला दीड मिनिट धरू; म्हणजे एका माणसाचे एकवीस तास. सहा जणांना बसवलं तर साडेतीन तासांत एक हरवलेला दिवस पुन्हा उभा राहतो. पण व्हाउचर कोरडी असतील तरच! शाखांची व्हाउचर शाखेतच राहतात, ती वाचतील. मुख्य कार्यालयाची सर्व्हरबरोबरच भिजतील. पिग्मी एजंटच्या मशिनमध्ये त्याची वसुली साठलेली असते, ती वाचते. ज्याला कुठेच कागद नाही, ते मात्र परत येत नाही: एनईएफटीने आलेले पैसे, ठेव पावतीवरचं आपोआप झालेलं नूतनीकरण, मोबाईलवरून झालेला भरणा. यांच्यासाठी दुसऱ्या बँकेचा उतारा मागवून एकेक ओळ जुळवावी लागते. त्यामुळे एकाच संस्थेत दोन आरपीओ असू शकतात, असायलाच हवेत. काउंटरच्या व्यवहारांना काही तास चालतील, ऑनलाइन व्यवहारांना पाच मिनिटांपेक्षा जास्त चालणार नाहीत.

आरटीओचं गणित आणखी फसवं आहे, कारण तो एक आकडा दिसला तरी आत बेरीज असते. सर्व्हर गेला हे कळायला लागणारा वेळ, "गेला, आता दुसरीकडे उभा करा" हे कुणीतरी ठामपणे म्हणायला लागणारा वेळ, मशिन मिळायला, डेटा भरायला, तपासायला आणि शाखांना नव्या जागी वळवायला लागणारा वेळ. चिपळुणात नवं मशिन कुठून येणार? पुण्याहून कुंभार्ली घाटाने. 2021 मध्ये वाशिष्ठीवरच्या महामार्गाच्या जुन्या पुलाचं नुकसान झालं आणि कोकण रेल्वेची वाहतूकही थांबली होती. अशा दिवसांत "मशिन तीन दिवसांत येईल" हे वाक्यच धाडसाचं.

म्हणून पहिली पायरी: बॅकअप डिस्कवरून क्लाउडमध्ये, आणि रिस्टोअरही क्लाउडमध्येच. हा दुसरा भाग लोक विसरतात. बॅकअप क्लाउडमध्ये ठेवला पण परत आणायचा 50 एमबीपीएसच्या लाइनवरून, असं असेल तर 40 जीबीला पूर्ण वेगात पावणेदोन तास लागतात, ते ठीक. पण 300 जीबी फोटो-सह्यांना तेरा तास वीस मिनिटं. लाइन प्रत्यक्षात एवढा वेग सलग देत नाही, आणि पुराच्या आठवड्यात तर नाहीच. क्लाउडमध्येच भाड्याचं मशिन उभं करून त्यात डेटा भरला तर ही वाटच नको. शिवाय फोटो नंतर भरता येतात. काउंटर सुरू करायला आधी खाती आणि शिल्लक लागते, सह्या दुपारपर्यंत आल्या तरी चालतं. एवढ्या एका निर्णयाने आरटीओतून बरेच तास उडतात.

अशी बेरीज करून बघू: कळणं आणि ठरवणं दोन तास, मशिन उभं करणं अर्धा तास (सेटिंग आधीच लिहून ठेवलेली असतील तर), डेटाबेस भरून इंडेक्स बांधून होईपर्यंत अडीच तास, शाखानिहाय शिल्लक जुळवून पाहायला दोन तास, शाखा वळवायला एक तास. आठ तास. सकाळी सातला सुरुवात केली तर दुपारी तीनला काउंटर उघडेल. याला बॅकअप आणि रिस्टोअर म्हणतात. ही सगळ्यांत स्वस्त पद्धत आहे, आणि खूप संस्थांना खरंच एवढीच पुरते.

आठ तास ठीक आहेत, पण अख्खा दिवस हरवायला नको

आरटीओ तसाच ठेवून आरपीओ कमी करता येतो, आणि ते आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त आहे. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका रोजनाम्यात लिहितं, त्याला वॉल म्हणतात. 16 एमबीची एक फाईल भरली की पुढची सुरू. भरलेली प्रत्येक फाईल लगेच क्लाउडमध्ये पाठवली, तर आठवड्याचा एक पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरच्या वॉल फायली एवढ्यावर मधल्या कुठल्याही क्षणाचं चित्र उभं करता येतं.

इथे लहान संस्थांचा एक खास घोटाळा होतो. मोठ्या बँकेत 16 एमबी काही सेकंदांत भरतात. आपल्या पतसंस्थेत दुपारी सामसूम असताना तीच फाईल दोन-दोन तास भरत नाही, आणि भरल्याशिवाय ती जात नाही. म्हणजे "आम्ही सतत पाठवतो" म्हणणाऱ्यांचा आरपीओ दोन तासांचा असू शकतो. त्यावर एक ओळ आहे:

```
archive_timeout = 300
```

काही बदल झालेला असेल तर दर 300 सेकंदांनी, भरली नसली तरी, फाईल बंद करून पाठव. दहा तासांच्या कामाच्या दिवसात जास्तीत जास्त 120 फाईली जास्तीच्या होतात, सुमारे 1.9 जीबी, त्या बऱ्याचशा रिकाम्या असल्याने दाबल्यावर खूप लहान होतात. आरपीओ पाच मिनिटं आणि वर पाठवायला लागेल तो वेळ.

बॅकअप "होतोय" आणि "रिस्टोअर होतो" यांत किती अंतर असतं ते प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या प्रकरणात सगळ्या जगाने पाहिलं. 31 जानेवारी 2017 ला तिथल्या एका अभियंत्याकडून चुकीच्या मशिनवरचा, म्हणजे मुख्य डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप बघायला गेले तर तो होतच नव्हता: डेटाबेस 9.6 आवृत्तीचा आणि बॅकअपचा प्रोग्रॅम 9.2 चा, त्यामुळे तो दर वेळी अर्ध्यात बंद पडत होता. तसं सांगणारे ईमेल जात होते, पण ते वाटेतच नाकारले जात होते. वाचवलं ते कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीने. म्हणून महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या मशिनवर भरून, त्या तारखेच्या तेरीजपत्रकाशी एकूण ठेवींचा आकडा जुळवायचा. पैशापैशाने जुळला तर बॅकअप आहे, असं म्हणायचं.

पायलट लाइट

गॅस गीझरमध्ये एक बारीक ज्योत कायम पेटती असते. नळ सोडला की तिच्यावरून मोठा बर्नर पेटतो. पायलट लाइट पद्धत हीच. जे पुन्हा तयार करायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, म्हणजे डेटा, तो दूरच्या ठिकाणी कायम जिवंत ठेवायचा. बाकी सगळं तयार, पण बंद.

आपल्या पतसंस्थेसाठी याचा अर्थ असा. क्लाउडमध्ये एक लहान मशिन चोवीस तास चालू. त्यावर पोस्टग्रेसची प्रत, जिला मुख्य सर्व्हरकडून प्रत्येक बदल वाहत येतो. बँकिंगचं सॉफ्टवेअर चालवणारी दोन मशिनं बसवून, तपासून बंद करून ठेवलेली. बंद मशिनचं भाडं लागत नाही, त्याच्या डिस्कचं तेवढं लागतं. संकटात करायचं काम: प्रतीला मुख्य म्हणून बढती द्यायची, तिचं मशिन मोठं करायचं, सॉफ्टवेअरची मशिनं चालू करायची, शाखांचा पत्ता वळवायचा. डेटा भरण्याचे अडीच तास आणि मशिन उभारण्याचा अर्धा तास गेले. तपासणीही आटोपशीर होते, कारण प्रत रोज बघितलेली असते. निर्णय लवकर झाला तर तासाभरात काउंटर, आणि हरवतात ते शेवटचे काही सेकंद.

दूरचं ठिकाण कोणतं? मुंबई सोयीची वाटते. पण 26 जुलै 2005 ला त्याच पावसाळी प्रणालीने मुंबईही बुडवली आणि चिपळूणही. मुंबईतलं चांगलं डेटा सेंटर पुरात बंद पडेलच असं नाही, पण दोन्ही टोकं एकाच ढगाखाली ठेवण्याचं कारणही नाही. अमेझॉनची केंद्रं मुंबईबरोबर 2022 पासून हैदराबादेतही आहेत, आणि मायक्रोसॉफ्टचं चेन्नईत आहे. मी असतो तर हैदराबाद घेतलं असतं.

कागदावर छान दिसणारा हा तास प्रत्यक्षात कुठे अडकतो, ते जरा जवळून पाहू, कारण बिघडतं ते इथेच. बंद ठेवलेलं मशिन म्हणजे बंद केलं त्या दिवसाचं सॉफ्टवेअर. एप्रिलमध्ये बंद केलं, मे-जूनमध्ये मुख्य सर्व्हरवर दोन अपडेट झाले, डेटाबेसच्या तक्त्यात एक नवा रकाना आला. डेटाबेसची प्रत तो रकाना इमानेइतबारे घेऊन बसली आहे, आणि एप्रिलचं सॉफ्टवेअर त्याला ओळखत नाही. पहाटे पाचला पडद्यावर एरर, आणि सॉफ्टवेअरवाल्याचा फोन बंद. उपाय कंटाळवाणा आहे: मुख्य सर्व्हरवर अपडेट झाला की त्याच दिवशी पलीकडचीही मशिनं चालू करून अपडेट करायची आणि पुन्हा बंद करायची.

दुसरं, डोंगल. आपल्याकडच्या कित्येक लहान सॉफ्टवेअरचं लायसन्स यूएसबीला लावलेल्या डोंगलवर चालतं. तो डोंगल सर्व्हरबरोबर पाण्यात गेला, की हैदराबादेतली सगळी तयारी लॉगिनच्या पडद्यापाशी थांबते. क्लाउडमध्ये डोंगल लावायला खाच नसते. हे कंपनीशी करार करतानाच सोडवायचं असतं.

तिसरं, पत्ते. एसएमएस पाठवणारी कंपनी आणि एनईएफटी करून देणारी बँक, दोघींनी तुमच्या चिपळूणच्या आयपी पत्त्याला परवानगी दिलेली असते. हैदराबादहून विनंती गेली की ती परक्याची समजून नाकारली जाते. परवानगीचा अर्ज दोन दिवस फिरतो. तो आत्ताच, उन्हाळ्यात करून ठेवायचा. शाखांच्या बाजूला डीएनएसची टीटीएल बघा: नाव कुठल्या पत्त्याकडे जातं हे शाखेतला संगणक किती वेळ लक्षात ठेवतो, तो आकडा. तो 86400 असेल, तर तुम्ही पत्ता बदलल्यावरही काही शाखा चोवीस तास बुडालेल्या सर्व्हरलाच हाका मारत राहतील. तो 60 करा. आणि एखाद्या शाखेत नावाऐवजी थेट आयपीच टाईप करून ठेवलेला नाही ना, हेही बघा. एका तरी शाखेत असतोच.

प्रत किती मागे आहे?

पायलट लाइटचा आरपीओ काही सेकंद आहे, हे लाइन चालू असेपर्यंत खरं. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामात जेसीबीने केबल तोडली की प्रत तिथेच थांबते, आणि मुख्य कार्यालयाचं काउंटर मात्र चालूच राहतं, त्यामुळे प्रत थांबल्याचा कुणाला पत्ता लागत नाही. सकाळी दहाला तुटलेली लाइन संध्याकाळी सहाला जोडली, तर मधल्या आठ तासांत तुमचा आरपीओ आठ तासांपर्यंत वाढत गेला. त्याच वेळात सर्व्हर गेला असता तर?

मागेपण मोजायला बहुतेक जण प्रतीवर हे चालवतात:

```sql
SELECT now() - pg_last_xact_replay_timestamp();
```

शेवटचा व्यवहार प्रतीवर लागला त्याला किती वेळ झाला, ते हे सांगतं. पण रात्री व्यवहारच नसतात, म्हणून पहाटे तीनला ते सहा तास दाखवतं आणि सगळं ठणठणीत असतं. दोनदा अशी खोटी घंटा वाजली की माणसं घंटाच बंद करतात. त्यापेक्षा मुख्य सर्व्हरवर एका ओळीचा तक्ता ठेवून त्यात दर मिनिटाला वेळ लिहायची, आणि प्रतीवर ती वाचायची:

```sql
UPDATE hb SET ts = now();     -- मुख्य सर्व्हरवर
SELECT now() - ts FROM hb;    -- प्रतीवर
```

दोन्हीकडची घड्याळं जुळलेली असली की हा फरक पाच मिनिटांच्या वर जाईल तेव्हा प्रत खरंच मागे पडलेली असते. तेव्हा एसएमएस जावा, आणि तो चिपळूणहून नव्हे, हैदराबादच्या बाजूने जावा. चिपळूणची लाइनच गेली असेल तर चिपळूण काय सांगणार?

आणखी एक. प्रत चुकाही तितक्याच निष्ठेने उचलते. कुणी अट न घालता `DELETE` चालवलं, तर सेकंदाभरात हैदराबादेतूनही त्या ओळी गेल्या. खंडणीखोर व्हायरसने डेटाबेसमधल्या नोंदी बिघडवल्या तरी तेच. म्हणून पायलट लाइट आली तरी वॉलचा साठा बंद करायचा नाही. 11 वाजून 43 मिनिटांनी चूक झाली असेल तर 11:42 चं चित्र फक्त त्या साठ्यातून मिळतं. आणि तो साठा पुसण्याचा अधिकार मुख्य सर्व्हरच्या पासवर्डला नसावा, नाहीतर चोर आधी तिथेच जातो.

याच्याही वर

पुढची पायरी वॉर्म स्टँडबाय. फरक एवढाच की पलीकडची सॉफ्टवेअरची मशिनंही चालू असतात, फक्त लहान. पायलट लाइटमध्ये काहीतरी चालू केल्याशिवाय एकही व्यवहार होत नाही. इथे लगेच होतो, हळू होतो. आरटीओ मिनिटांवर येतो आणि भाडं महिनाभर लागतं. वर सांगितलेला जुन्या अपडेटचा त्रास मात्र बराच कमी होतो, कारण चालू मशिन बिघडलं तर दिसतं.

अ‍ॅक्टिव्ह-अ‍ॅक्टिव्ह म्हणजे दोन्ही ठिकाणं एकाच वेळी व्यवहार घेतात. एक गेलं तरी दुसरं चालूच. आरटीओ जवळपास शून्य. ऐकायला उत्तम, पण पैशांच्या व्यवहारात प्रश्न हा येतो: खात्यात 5,000 रुपये आहेत. दापोलीची शाखा चिपळूणला जोडलेली, गुहागरची हैदराबादला. नवरा दापोलीत 4,000 काढतो, त्याच क्षणी बायको गुहागरात 4,000. दोन्ही ठिकाणांनी एकमेकांना नंतर कळवायचं ठरवलं असेल तर दोघांनाही पैसे मिळतात. आधी विचारून मगच द्यायचे ठरवलं, तर प्रत्येक व्यवहार दुसऱ्या टोकाच्या उत्तरासाठी थांबतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. एवढ्या अंतरावर जाऊन-येऊन काही मिलिसेकंद लागतातच. काउंटरवर ते कळणार नाही. पण अठरा हजार खात्यांना एकेक करून व्याज टाकताना, दर खात्याला 15 मिलिसेकंद धरले तरी साडेचार मिनिटं नुसत्या वाट पाहण्यात जातात. आणि मधली लाइन तुटली तर? दोघांनाही वाटतं दुसरा मेला. दोघांनीही काम चालू ठेवलं तर दोन वेगळ्या खतावण्या तयार होतात. ते टाळायला तिसऱ्या ठिकाणी एक साक्षीदार लागतो, आणि ज्याची साक्ष मिळणार नाही त्याने गप्प बसायचं. शिवाय एका ठिकाणाला एकट्याने सगळा भार पेलता आला पाहिजे. दोन्ही 70 टक्के भरलेली असतील तर एक गेल्यावर दुसऱ्यावर 140 येतो.

मोठ्या बँका, पेमेंटचं जाळं यांना हे करावंच लागतं. सात शाखांच्या पतसंस्थेला कुणी हे विकायला आलं, तर चहा पाजावा.

पाणी येणार हे कळलेलं असतं

डिस्क जळणं किंवा व्हायरस येणं अचानक होतं. कोकणातली मोठी संकटं मात्र सांगून येतात. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पण ते येणार हे आधीच माहीत होतं. हवामान खात्याचा रेड अलर्ट, वाशिष्ठीची इशारा पातळी आणि धोका पातळी, भरतीच्या वेळा, सगळं मोबाईलवर येतं. त्यामुळे पायलट लाइट असलेल्या संस्थेला एक सोय आहे जी महागड्या पद्धतींची पुस्तकं फारशी सांगत नाहीत: सर्व्हर बुडण्याआधीच, शांतपणे, पलीकडे जायचं. तेव्हा आरपीओ खरोखर शून्य होतो.

क्रम असा. संध्याकाळी दिवसअखेर झाली की चिपळूणचं सॉफ्टवेअर बंद करायचं, म्हणजे नवा व्यवहार येणार नाही. मुख्य डेटाबेसवर `pg_current_wal_lsn()` ने रोजनामा कुठवर आलाय ते बघायचं, प्रतीवर `pg_last_wal_replay_lsn()` तिथे पोचेपर्यंत थांबायचं. पोचला की मुख्य डेटाबेस बंद करून सर्व्हरची केबल काढायची, अक्षरशः हाताने. मगच प्रतीवर:

```sql
SELECT pg_promote();
```

मग सॉफ्टवेअरची मशिनं चालू, डीएनएस बदल, एका शाखेतून एक रुपयाचा व्यवहार करून बघणं. सरावलेल्या माणसाला यात तास लागत नाही, आणि जेवायच्या वेळेत तो घरी असतो.

खरा अडथळा तांत्रिक नसतोच. "हलवा" हे कोण म्हणणार? 24 फेब्रुवारी 2021 ला राष्ट्रीय शेअर बाजार 11:40 ला थांबला आणि 3:45 ला सुरू झाला. दुसरं केंद्र असूनही व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत. त्यानंतर सेबीने बाजारांसाठी नियम आवळले: गंभीर बिघाड झाल्यापासून 30 मिनिटांत संकट जाहीर करायचं, जाहीर केल्यापासून 45 मिनिटांत पलीकडे चालू व्हायचं, आणि आरपीओ 15 मिनिटं. जाहीर करण्याला वेगळी मुदत लावली, हे लक्षात घेण्यासारखं आहे. पतसंस्थेत चेअरमनसाहेब मुंबईत आणि सचिवांचा फोन लागत नाही, अशी रात्र येणारच. म्हणून ठराव आधीच लिहून ठेवायचा: नदीने इशारा पातळी गाठली किंवा रत्नागिरीला रेड अलर्ट आला, की शाखा व्यवस्थापक कुणालाही न विचारता हलवणार, आणि उगाच हलवलं म्हणून त्याला कुणी बोलणार नाही.

एवढं करूनही दापोलीचं काउंटर बंद राहू शकतं. निसर्गनंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाईलही नव्हता. सर्व्हर हैदराबादेत ठणठणीत आणि शाखेला तो दिसत नाही. याला सर्व्हरची कुठलीच पद्धत पुरी पडत नाही. त्यासाठी रेड अलर्टच्या संध्याकाळी प्रत्येक शाखेने आपल्या खात्यांची शिल्लक यादी छापून ठेवायची आणि एका ठरलेल्या रकमेपर्यंत हाताने पैसे द्यायचे. पावती क्रमांक शाखेच्या अक्षराने सुरू होणारे आणि कधीच दोनदा न येणारे हवेत, म्हणजे लाइन आल्यावर तीच नोंद दोनदा चढली तर सॉफ्टवेअर ती नाकारेल. पिग्मीच्या मशिनलाही हाच नियम, कारण एजंट "गेलं की नाही" म्हणून बटण दोनदा दाबतोच.

परत येताना घाई करू नये. पाणी ओसरलं, सर्व्हर वाळवून कुणीतरी उत्साहाने चालू केला आणि खेडच्या शाखेतला थेट आयपी टाकलेला तो एक संगणक त्यालाच जोडला गेला, की दोन खतावण्या झाल्या. जुना डेटाबेस आता शिळा आहे. तो पुसून हैदराबादहून नवी प्रत उतरवायची. 40 जीबी म्हणजे लाइन बरी असेल तर पावणेदोन तास, वरचंच गणित. मग चिपळूण काही दिवस प्रत म्हणून चालवायचं, आणि एखाद्या रविवारी तोच क्रम उलटा करायचा.

खरं तर माझं मत याच्या पुढचं आहे. दर जूनच्या पहिल्या रविवारी हैदराबादला जा आणि ऑक्टोबरात परत या. चार महिने पलीकडच्या मोठ्या मशिनांचं भाडं पडेल, पण पुराच्या रात्री हलवायचं काही उरणार नाही आणि वर्षातून दोनदा रंगीत तालीम आपोआप होईल. अपडेट राहिला, डोंगल अडला, एसएमएस गेला नाही, हे कोरड्या रविवारी कळेल. यावर कुणी विचारेल की मग बाराही महिने तिकडेच का नको? पाच-सहा शाखांची लाइन भरवशाची असेल आणि सॉफ्टवेअरवाला लायसन्स द्यायला तयार असेल, तर जरूर राहा; मग चिपळूणचा सर्व्हर पहिल्या मजल्यावर नेऊन त्यालाच प्रत करा.